नॅनीला १०९९ द्यायचा की डब्ल्यू-२? मालक म्हणून तुमच्यावर काय येतं

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघंही नोकरी करतो. फेब्रुवारी २०२५ पासून दीड वर्षाच्या मुलीला सांभाळायला एक नॅनी येते, आठवड्याला २० तास, तासाला २० डॉलर. आत्तापर्यंत पूर्ण पैसे हातात दिलेत, काही कापलं नाही. आता डिसेंबर आला आणि ती म्हणते, "मला १०९९ द्या, बाकी माझं मी बघते." एक मित्र म्हणतो सोशल सिक्युरिटी भरावीच लागते. दुसरा म्हणतो, घरकामाला कोण भरतं? शिवाय दर पंधरा दिवसांनी घर साफ करायला एक बाई येतात, त्यांना प्रत्येक वेळी १०० डॉलर देतो. नोंदणी नक्की कोणाची, कुठे करायची? उशीर झाला असेल तर काय?

उत्तर:

पहिला मित्र बरोबर आहे. आणि उशीर झाला असला तरी तुम्ही समजता तेवढा नाही, कारण घरगुती मालकाला केंद्राचा हिशोब दर महिन्याला किंवा तिमाहीला द्यावा लागत नाही. तो वर्षातून एकदा तुमच्या स्वतःच्या फॉर्म १०४० सोबत जातो. २०२५ चं रिटर्न अजून भरायचंच आहे, म्हणजे गाडी फलाटावरच उभी आहे.

आधी १०९९ चा निकाल लावू. काम काय करायचं एवढंच नव्हे, तर ते कसं करायचं हेही सांगण्याचा हक्क तुमच्याकडे असेल, तर ती व्यक्ती तुमची कर्मचारी असते. मुलीने किती वाजता झोपायचं, काय खायचं, बागेत कधी जायचं, स्क्रीन किती वेळ बघायचा हे तुम्ही ठरवता. घर तुमचं, वेळापत्रक तुमचं. काम अर्धवेळ आहे, पैसे तासावर आहेत किंवा दोघांनी मिळून "कॉन्ट्रॅक्टर" असं लिहून सह्या केल्या आहेत, याने त्यात काडीचाही फरक पडत नाही. नॅनीला १०९९ देणं ही आपल्या लोकांत सर्रास होणारी चूक आहे आणि तिचा भुर्दंड नॅनीवरच पडतो. १०९९ घेतला की ती स्वतःच्या धंद्याची मालक ठरते आणि सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचे दोन्ही वाटे तिच्या डोक्यावर येतात. तुमच्या आकड्यांवर ती रक्कम साधारण २,५४० डॉलर होते. कर्मचारी म्हणून तिचा वाटा फक्त १,३७७ आहे. बहुतेक नॅनींना हे माहीत नसतं. त्यांच्या मनात १०९९ म्हणजे "काही कापलं जात नाही", एवढंच असतं. हा हिशोब तिला कागदावर मांडून दाखवा. माझ्या अनुभवात निम्मा वाद तिथेच मिटतो.

आता मर्यादा. २०२५ मध्ये एका घराने एका कर्मचाऱ्याला रोख किंवा चेकने वर्षभरात २,८०० डॉलर किंवा जास्त दिले, की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागू होतं. २०२६ साठी हीच मर्यादा ३,००० आहे. ती ओलांडली की वरच्या रकमेवर नव्हे, तर पहिल्या डॉलरपासून सगळ्या पगारावर आकारणी होते. तुम्ही आठवड्याला ४०० देता, म्हणजे सातव्या आठवड्यातच ती गाठली. पगाराच्या ६.२ टक्के सोशल सिक्युरिटी आणि १.४५ टक्के मेडिकेअर, मिळून ७.६५ टक्के तिच्या पगारातून कापायचे आणि तेवढेच तुम्ही घालायचे. जेवण, चहा किंवा राहायची खोली दिली तर त्याची किंमत यात धरत नाहीत. फक्त पैशांत दिलेला पगार मोजतात.

नात्यातल्या माणसांना काही सवलती आहेत. नवरा-बायको आणि २१ वर्षांखालचं स्वतःचं मूल यांना यातून वगळलं आहे. आई-वडिलांनाही बहुतेक वेळा वगळलं आहे, पण त्याला अपवाद आहेत, म्हणून आईला नातवंडं सांभाळायचे पैसे देत असाल तर एकदा विचारून घ्या. १८ वर्षांखालची शाळकरी मुलगी संध्याकाळी बेबीसिटिंग करत असेल तर तीही यात येत नाही.

आता तुमचा हिशोब मांडू. ४५ आठवडे, आठवड्याला ४००, म्हणजे १८,००० डॉलर.

एका आठवड्याच्या ४०० डॉलरवर सोशल सिक्युरिटीचे २४.८० आणि मेडिकेअरचे ५.८० असे ३०.६० तिच्याकडून कापायचे होते आणि तिच्या हातात ३६९.४० पडायला हवे होते. ४५ आठवड्यांचे ते १,३७७ झाले. तुमचा वाटाही १,३७७. दोन्ही मिळून २,७५४ डॉलर सरकारला जायचे आहेत.

याशिवाय केंद्राचा बेरोजगारी कर असतो, ज्याला आम्ही सगळे फ्यूटा म्हणतो. कुठल्याही तिमाहीत घरातल्या सगळ्या कामवाल्यांना मिळून १,००० डॉलर किंवा जास्त दिले की तो लागू होतो. दर ६ टक्के, पण पगाराच्या पहिल्या ७,००० डॉलरवरच. राज्याचा बेरोजगारी विमा वेळेवर भरला असेल तर त्यातले ५.४ टक्के माफ होतात, म्हणजे उरले ०.६ टक्के, ४२ डॉलर. हा पूर्ण मालकाचा कर आहे, कर्मचाऱ्याकडून एक सेंटही कापायचा नाही. आणि "राज्याचा वेळेवर भरला असेल तर" ही अट गंभीरपणे घ्या. राज्याकडे नोंदच नसेल तर ती माफी मिळत नाही आणि ४२ चे ४२० होतात.

म्हणजे तुमच्या १०४० ला जोडायच्या शेड्यूल एच या पानावर एकूण २,७९६ डॉलर येतील. ते तुमच्या आयकरात मिळवले जातात.

आता अडचणीची बाब. तुम्ही तिच्याकडून काहीच कापलेलं नाही. कापलं नाही म्हणून तिचा वाटा माफ होत नाही. सरकार तो तुमच्याकडूनच मागतं, कारण कापून भरण्याची जबाबदारी मालकाची आहे. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, पुढच्या पगारांतून थोडं थोडं जास्त कापून १,३७७ वळते करा. कायद्याला ते चालतं, पण वर्षभर ४०० हातात घेतलेल्या बाईकडून हे वसूल करणं म्हणजे तिच्या घरखर्चावर घाला घालणं. दोन, तिचा वाटा तुम्हीच भरा. मी माझ्या अशिलांना पहिल्या वर्षासाठी दुसराच मार्ग सुचवतो, कारण चूक आपली असते आणि चांगली नॅनी शोधायला १,३७७ पेक्षा जास्त मनस्ताप होतो.

दुसरा मार्ग घेतलात तर डब्ल्यू-२ वर एक गंमत होते आणि तिथे बरेच लोक चुकतात. तुम्ही भरलेला तिचा वाटा हे आयकरासाठी तिचं उत्पन्न धरलं जातं, पण सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरसाठी पगार धरला जात नाही. म्हणून तिच्या डब्ल्यू-२ वर चौकट १ मध्ये १९,३७७ येतील, चौकट ३ आणि ५ मध्ये मात्र १८,०००. चौकट ४ मध्ये १,११६ आणि ६ मध्ये २६१. चौकट १ आणि ३ मधले आकडे वेगळे दिसले की नॅनीला, आणि कधीकधी तिचं रिटर्न भरणाऱ्यालाही, काहीतरी चुकलंय असं वाटतं. सोबत चार ओळींची चिठ्ठी द्या.

नोंदणीचा क्रम असा ठेवा. आयआरएसच्या संकेतस्थळावर मालकाचा क्रमांक, म्हणजे ईआयएन, फुकट मिळतो. अर्जात घरगुती मालक हा पर्याय निवडा, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. पैसे मागणाऱ्या तिसऱ्याच साइटवर जाऊ नका, शोधात त्याच आधी येतात. डब्ल्यू-२ वर स्वतःचा सोशल सिक्युरिटी नंबर टाकायचा नसतो, हाच क्रमांक लागतो.

मग न्यू जर्सीकडे मालक म्हणून नोंद करा. राज्याचा बेरोजगारी विमा, तात्पुरत्या अपंगत्वाचा विमा आणि कौटुंबिक रजेचा विमा तिथे येतात. न्यू जर्सीत घरगुती मालकाला तिमाही फॉर्मऐवजी वर्षातून एकदा एनजे-९२७-एच भरायचा असतो, त्यामुळे इथेही तुमचं वर्ष पूर्ण हातातून गेलेलं नाही. दुसऱ्या राज्यातल्या वाचकांनी हे जसंच्या तसं उचलू नये. न्यूयॉर्कमध्ये तिमाहीला ५०० डॉलर दिले की मालकावर नोंदणी येते, कॅलिफोर्नियात ७५० ला. शिवाय नवीन कर्मचारी ठेवल्याची सूचना राज्याला २० दिवसांत द्यायची असते. ती तुमची राहिली आहे, आता द्या.

आय-९ हा कामाच्या परवानगीचा फॉर्म. तो कुठेही पाठवायचा नसतो, भरून फाइलमध्ये ठेवायचा असतो. काम सुरू झाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तिची मूळ कागदपत्रं बघून भरायला हवा होता. आता भरा आणि आजचीच तारीख टाका. मागची तारीख टाकून भरलेला आय-९ हा न भरलेल्या आय-९ पेक्षा वाईट.

इथे आपल्या मंडळींत नेहमी ऐकू येणारी एक गोष्ट सांगून टाकतो. मुलाकडे किंवा मुलीकडे व्हिजिटर व्हिसावर आलेल्या एखाद्या मावशी शेजारच्या घरी पोळ्या करून देतात किंवा बाळ सांभाळतात, आणि सगळ्यांना ते घरचंच वाटतं. त्या व्हिसावर काम करायची परवानगी नाही. त्यात तुमच्यापेक्षा त्या मावशींचं नुकसान मोठं, पुढचा व्हिसा अडकू शकतो. आणि कामाची परवानगी नसली तरी दिलेल्या पगारावरचा कर माफ होतो असंही नाही.

वर्ष संपल्यावर डब्ल्यू-२. तिची प्रत तिला आणि सरकारची प्रत डब्ल्यू-३ सह सोशल सिक्युरिटी प्रशासनाला. मुदत ३१ जानेवारी, पण २०२६ मध्ये तो शनिवार आहे, म्हणून सोमवार २ फेब्रुवारीपर्यंत. लक्षात घ्या, डब्ल्यू-२ आयआरएसकडे जात नाही, सोशल सिक्युरिटीकडे जातो. त्यांच्या बिझनेस सर्व्हिसेस ऑनलाइनवर आकडे भरले की डब्ल्यू-३ आपोआप तयार होतो. तिथलं खातं उघडायला आणि ओळख पटवायला वेळ लागू शकतो, तेव्हा ३० जानेवारीची रात्र निवडू नका. शेड्यूल एच नंतर, १५ एप्रिलपर्यंत तुमच्या १०४० सोबत.

आयकर मात्र तुम्ही कापायलाच हवा असं नाही. घरकामात तो दोघांच्या संमतीचा विषय आहे. तिने डब्ल्यू-४ भरून दिला आणि तुम्ही हो म्हणालात तरच कापायचा.

हे २,७९६ डॉलर एकदम एप्रिलमध्ये भरले तर कमी भरणा झाल्याचा दंड लागू शकतो, कारण हा करही तुमच्या वर्षभराच्या भरण्यात मोजला जातो. डिसेंबरमध्ये यावर एक उपाय अजून शिल्लक आहे. तुमच्या किंवा जोडीदाराच्या नोकरीतल्या डब्ल्यू-४ मध्ये उरलेल्या पगारांतून जादा रक्कम कापायला सांगा. पगारातून कापलेला कर वर्षभर समान भरला असं धरतात, तो डिसेंबरात कापला असला तरी. दरवर्षी तुम्हाला चांगला परतावा येत असेल तर तीही गरज नाही.

"कोण बघतंय?" या दुसऱ्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर एका घराच्या गोष्टीने देतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जोडपं आलं. नॅनी चार वर्षं होती, मूल शाळेत जाऊ लागलं आणि त्यांनी तिला प्रेमाने निरोप दिला, भेटवस्तूही दिली. तिने राज्याकडे बेरोजगारी भत्त्याचा अर्ज केला. शेवटचा मालक कोण, हे अर्जात लिहावंच लागतं. राज्याने नोंदी बघितल्या, तर या घराचं नावच नाही. पत्र आलं, मग चारही वर्षांचा हिशोब, व्याज, दंड. कोणी चुगली केली नव्हती. तिने फक्त आपल्या हक्काचा अर्ज भरला होता. आणि शेड्यूल एच कधी भरलाच नसेल तर नेहमीची तीन वर्षांची मुदतही सुरू होत नाही, म्हणून जुनं झालं म्हणून सुटलं असं होत नाही.

दुसरी फट त्याहून साधी. मुलाच्या संगोपनाच्या खर्चावर आयकरात सवलत घ्यायची तर फॉर्म २४४१ वर नॅनीचं नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर द्यावा लागतो. म्हणजे एकाच रिटर्नमध्ये तुम्ही "हिला आम्ही पैसे दिले" असं लिहिता आणि शेड्यूल एच जोडत नाही. स्वतःच्या हाताने दिलेला पुरावा.

हा कायदा आहे तसा का आहे, याला एक किस्सा आहे. १९९२ च्या डिसेंबरात क्लिंटन यांनी ॲटर्नी जनरल पदासाठी झोई बेअर्ड यांचं नाव पुढे केलं आणि पुढच्याच महिन्यात, बेअर्ड यांनी कामाची परवानगी नसलेलं जोडपं घरकामाला ठेवलं होतं, त्यांची सोशल सिक्युरिटी भरली नव्हती, हे बाहेर आलं. नाव मागे घ्यावं लागलं. तेव्हा मर्यादा तिमाहीला ५० डॉलर होती, म्हणजे जवळजवळ प्रत्येक घर कायदा मोडत होतं. १९९४ च्या सुधारणेने ती वर्षाला १,००० केली, पुढे ती वेतनमानाबरोबर वाढत आली, आणि भरणा १०४० ला जोडला.

आता नॅनीच्या बाजूने बघा, कारण तिला पटलं नाही तर कागद पुरे होणार नाहीत. निवृत्तिवेतनासाठी तिला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार. २०२५ मध्ये एका क्रेडिटला १,८१० डॉलरचा नोंदलेला पगार लागतो, म्हणजे ७,२४० ला चारही मिळतात. तुमच्या १८,००० मध्ये तिचं हे वर्ष पूर्ण भरतं. काम गेलं तर बेरोजगारी भत्ता, बाळंतपण किंवा आजारपण आलं तर न्यू जर्सीचे विमे, हे सगळं याच नोंदींवर उभं आहे. पन्नाशीतल्या एका नॅनीने माझ्यासमोर स्वतःचं सोशल सिक्युरिटी खातं उघडलं होतं. सलग नऊ वर्षांच्या रकान्यात शून्य. ती रोज कामाला जात होती. ही नोंद दुरुस्त करायला साधारण तीन वर्षं, तीन महिने आणि पंधरा दिवसांची मुदत असते, त्यानंतर मोजके अपवाद सोडले तर दार बंद.

सफाईच्या बाईंचं वेगळं आहे. त्या स्वतःचा व्हॅक्यूम, स्वतःची औषधं घेऊन येत असतील, कधी बरोबर दुसरी बाई आणत असतील, वेळ त्या ठरवत असतील आणि अनेक घरांना आपला दर सांगत असतील, तर त्या स्वतंत्र व्यावसायिक आहेत आणि तुमच्यावर काहीच येत नाही. सगळं सामान तुमचं आणि कसं पुसायचं हेही तुम्ही सांगत असाल तर त्या कर्मचारी. तसं धरलं तरी २६ वेळा १०० म्हणजे २,६००, मर्यादेच्या खाली. सोशल सिक्युरिटी लागू नाही. पण फ्यूटाचं बघा: नॅनीमुळे तुम्ही तिमाहीच्या १,००० च्या वर आधीच गेला आहात, म्हणून कर्मचारी ठरल्या तर यांच्या २,६०० वरही ०.६ टक्के, १५ डॉलर ६० सेंट द्यायचे. शेड्यूल एच भरणारेही हे विसरतात.

या मर्यादेतला अन्याय मला नेहमी टोचतो. ती प्रत्येक घराला वेगळी लावली जाते. अशाच सहा घरांत काम करणारी बाई वर्षाला १५,६०० कमावते, प्रत्येक घर कायद्याच्या आत असतं आणि तिच्या खात्यात एक डॉलरही नोंदला जात नाही. मर्यादेखालच्या पगारावर इच्छा असूनही मालकाला भरता येत नाही. अशा बाई खरोखर स्वतःचा व्यवसाय म्हणून काम करत असतील, तर तो तसा दाखवून रिटर्न भरणं त्यांच्या हिताचं असतं. त्यांना एकदा हे सांगा.

शेवटी खर्चाचं. २०२५ साठी तुम्हाला फॉर्म २४४१ ची सवलत मिळेल, एका मुलाच्या ३,००० डॉलर खर्चाच्या २० टक्के, म्हणजे ६००. पुढच्या वर्षी याहून चांगलं जमतं. नोकरीतून मिळणाऱ्या डिपेंडंट केअर खात्याची मर्यादा २०२६ पासून ५,००० वरून ७,५०० झाली आहे, तुमच्या कंपनीने ती स्वीकारली असेल तर. तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल आणि ज्याच्या पगारातून हे खातं भरता त्याचा पगार सोशल सिक्युरिटीच्या कमाल मर्यादेखाली असेल, तर ७,५०० वर सुमारे २,२२० डॉलर वाचतात. २०२६ मध्ये ५० आठवड्यांचे २०,००० दिलेत तर तुमचा वाटा १,५३० आणि फ्यूटाचे ४२, मिळून १,५७२. राज्याचा विमा धरूनही नियमाने भरणं तुम्हाला जवळजवळ फुकटात पडतं. फक्त या खात्याची निवड बहुतेक कंपन्यांत याच दिवसांत बंद होते, तेव्हा ईआयएनच्याही आधी आज एचआरला मेल टाका.